शुक्रवारची कहाणी आणि पाटावरची लेणी



श्रावण लागला आहे. परवा शुक्रवार. बाजारात फुटाण्याच्या पुड्या आणि आघाड्याच्या जुड्या आल्या आहेत, देवघराशेजारच्या भिंतीवर जिवतीचा कागद लागला आहे. आज मी तुमच्याशी त्या दिवशी आपण सांगतो-ऐकतो त्या कहाण्यांबद्दल बोलणार आहे. श्रावणात रोजच्या वाराची वेगळी कहाणी असते. रविवारची आदित्यराणूबाईची, सोमवारची खुलभर दुधाची, मंगळवारची मंगळागौरीची. त्या सगळ्यांत मी आज शिरत नाही. फक्त शुक्रवार घेते. शुक्रवारच्या दोन कहाण्या आहेत आणि दोन्ही मला लहानपणापासून छळत आल्या आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. कहाणी म्हणजे नुसती गोष्ट नव्हे. गोष्ट आपण मुलांना झोपवताना सांगतो, प्रवासात सांगतो, कधीही सांगतो. कहाणीला वेळ ठरलेली असते. पूजा झाली, दिवा लागला, नैवेद्य व्हायचा आहे किंवा नुकताच झाला आहे, अशा वेळी हातात चार अक्षता धरायच्या, एकीने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. संपली की त्या अक्षता देवीला वाहायच्या. म्हणजे फुलं वाहतो, हळदकुंकू वाहतो, तशी कहाणीही वाहिली जाते. ती पूजेबद्दलची माहिती नाही, ती पूजेतलाच एक उपचार आहे. कहाणी राहिली तर व्रत अपुरं राहिलं असं जुन्या बायका मानत. आदित्यराणूबाईच्या कहाणीत तर बाई सहा मोती घेऊन ऐकणारा शोधत वाटेने जाते. जो भेटेल त्याला तीन मोती द्यायचे, तीन आपल्या हातात ठेवायचे, मग सांगायचं. ऐकायला माणूस मिळाला नाही तर सांगणारी अडून राहते. हे मला फार विशेष वाटतं. मंत्राला ऐकणारा नसला तरी चालतो, कहाणीला चालत नाही.

आता शुक्रवारची पहिली कहाणी. तुमच्या घरी थोडी वेगळी सांगत असतील, मी आमच्या घरची सांगते.

आटपाट नगरात एक गरीब ब्राह्मण होता. त्याची बायको एकदा शेजारणीकडे गेली आणि तिच्यापाशी आपलं दारिद्र्य बोलून दाखवलं. शेजारणीने तिला शुक्रवारचा वसा सांगितला. श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी सुरुवात करायची. दिवसभर उपास करायचा. संध्याकाळी एका सवाष्णीला बोलवायचं, तिचे पाय धुवायचे, हळदकुंकू लावायचं, ओटी भरायची, साखर घातलेलं दूध प्यायला द्यायचं, फुटाणे खायला द्यायचे. मग आपण जेवायचं. असं वर्षभर करायचं आणि मग उद्यापन.

इथे जरा थांबू. हा वसा दिला कोणी? शेजारणीने. भटजी नाहीत, दक्षिणा नाही, मुहूर्त काढणं नाही. एका बाईचं दुःख दुसरीने ऐकलं आणि तिला करण्याजोगं काही सांगितलं. खर्च बघा. पेलाभर दूध, चिमूटभर साखर, मूठभर फुटाणे. ज्या घरात काहीच नाही त्या घरालाही कधी तरी जमेल एवढंच त्यात आहे. आणि या वशात मुख्य काम काय? दुसऱ्या बाईला घरात बोलवून मानाने बसवणं. जिला कोणी बोलवत नाही तिने दर शुक्रवारी कोणाला तरी बोलवायचं. हा धागा हातात धरून ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच गावात तिचा भाऊ राहत होता, श्रीमंत. त्याने सहस्रभोजन घातलं. गावाला आमंत्रण केलं आणि बहिणीला केलं नाही. ती गरीब, ती आली तर लोक हसतील. बहिणीने विचार केला की गर्दीत विसरला असेल, भावाच्या घरी जायला आमंत्रण कशाला हवं? सोवळं नेसली, मुलांना घेतलं, गेली आणि पंगतीत बसली. भाऊ तूप वाढत वाढत तिच्या पानापाशी आला. तिला म्हणाला, तुझ्या अंगावर धड वस्त्र नाही, दागिना नाही, लोक तुझ्याकडे बघून हसतात, म्हणून तुला बोलावलं नव्हतं. आज आलीस ती आलीस, उद्या येऊ नकोस. दुसऱ्या दिवशी मुलांनी हट्ट धरला, गोडाधोडाचं जेवण त्यांना कुठे मिळणार? ती पुन्हा गेली, पुन्हा ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्याने हात धरून तिला पंगतीतून उठवलं.

आमच्या घरी ही कहाणी आत्या सांगायची. आवाज न चढवता, भाजी निवडताना बोलावं तशी सांगायची. आणि तूप वाढत भाऊ पानापाशी आला की माझी आई उठून आत जायची. दूध उतू जातंय का बघते, म्हणायची. दूध ओट्यावर थंड झालेलं असायचं. पुष्कळ वर्षांनी मला कळलं की आजोबांच्या जमिनीच्या वाटणीच्या वेळी आईने आणि मावशीने हक्कसोडपत्रावर सह्या करून दिल्या होत्या. माहेर तुटू नये म्हणून. कोणी दटावलं नव्हतं, फक्त मामा म्हणाला होता की लोक काय म्हणतील. २००५ सालापासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण सहीचा कागद समोर येतो तेव्हा बहिणीला कायद्याच्या आधी माहेरची पंगत आठवते. त्या पंगतीत आपण असू की नसू, एवढाच प्रश्न असतो. आई ती कहाणी दरवर्षी ऐकायला बसायची आणि दरवर्षी त्याच जागी उठायची. एकदाही तिने ती ऐकायची टाळली नाही.

पुढे. बहीण घरी आली, देवीची प्रार्थना केली, वसा चालू ठेवला. हळूहळू दिवस पालटले, घरात लक्ष्मी आली. वर्ष भरलं तेव्हा तिने उद्यापनाला भावाला जेवायला बोलावलं. भाऊ ओशाळला. म्हणाला, आधी तू माझ्याकडे ये, मग मी तुझ्याकडे येतो. तिने ओळखलं. नटूनथटून, अंगभर दागिने घालून, शालजोडी पांघरून ती गेली. भावाने पाय धुवायला गरम पाणी दिलं, पाट मांडला, पान वाढलं. ती बसली नाही. आधी शालजोडी काढून पाटावर ठेवली. भावाला वाटलं, उकडत असेल. मग एकेक दागिना काढून ठेवायला लागली. त्याला वाटलं, जड होत असतील. मग तिने भाताचा घास उचलला आणि सरीवर ठेवला. भाजी चिंचपेटीवर, लाडू ठुशीवर, जिलबी पाटल्यांवर. भाऊ म्हणाला, ताई, हे काय करतेस? तिने सांगितलं, तू जिला जेवायला बोलावलंस तिला वाढते आहे. माझं जेवण मला सहस्रभोजनाच्या दिवशीच मिळालं.

भावाला समजलं. त्याने पाय धरले, तिने क्षमा केली, मग दोघं जेवली.

काही शिकलेल्या मैत्रिणी म्हणतात की या कहाण्या बायकांना सोसायला शिकवतात. मी या कहाणीत सोसणं कुठे आहे ते शोधते. पहिले तीन दिवस आहे, नक्कीच. पण शेवट बघा. या कहाणीत देवी कुठेही प्रकट होत नाही. भावाचा वाडा जळत नाही, त्याला कोड फुटत नाही, तो भिकेला लागत नाही. पुराणातल्या कितीतरी कथांत देवाचा अपमान केला की शिक्षा होते. इथे अपमान बहिणीचा झाला आणि त्याचा हिशेब बहिणीनेच केला. तोही कशाने? तिच्या हातात जे होतं त्याने. वाढणं आणि जेवणं. भावाने वाढताना अपमान केला, तिने जेवताना उत्तर दिलं. आणि तो अपमान तिला ओळखता आला, कारण ती वर्षभर दर शुक्रवारी पाहुणी कशी बोलवायची, कशी बसवायची, हेच करत होती. वसा म्हणजे तिची त्या बाबतीतली तालीम होती असं मला वाटतं. तिचा नवराही या साऱ्यात कुठे दिसत नाही. सुरुवातीला गरीब ब्राह्मण म्हणून येतो आणि नाहीसा होतो.

आता तुम्ही म्हणाल, व्रतांची पुस्तकं तर शास्त्रातही आहेत. आहेत ना. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा मोठा संस्कृत ग्रंथ रचला, त्याचा एक भागच व्रतखंड आहे. तिथे व्रत कोण कोणाला सांगतं? कृष्ण युधिष्ठिराला सांगतो, शंकर पार्वतीला सांगतो, ऋषी राजाला सांगतात. ज्ञान वरून खाली येतं. आपल्या घरी सत्यनारायणाची पोथी वाचतात तीही याच घराण्यातली, सूत सांगतात आणि शौनकादी ऋषी ऐकतात. कहाणीत मात्र शेजारीण शेजारणीला सांगते, नागकन्या-देवकन्या तळ्याकाठी सांगतात, कधी एखादी म्हातारी वाटेत भेटून सांगते. माणसांना नावंही नसतात. धाकटी सून, नावडती राणी, गरिबाची बायको. नाव नसल्याने ऐकणारीला आपलं नाव तिथे बसवता येतं. माझ्या आईने बसवलंच होतं.

या कहाण्या इंग्रजीत गेल्या तेव्हा मात्र त्यांचं वजन घटलं. सी. ए. किंकेड नावाचे इंग्रज अधिकारी मुंबई इलाख्यात होते. मराठीवर त्यांचं प्रेम होतं यात शंका नाही. त्यांनी १९१४ साली या कहाण्यांचं इंग्रजी पुस्तक काढलं, त्याला धुरंधरांची सुरेख चित्रं आहेत. पण नाव काय दिलं? ‘डेक्कन नर्सरी टेल्स’. बाळगोपाळांच्या गोष्टी. हातात अक्षता धरून बसलेल्या बायका त्या नावात कुठेच नाहीत.

दुसरी कहाणी जिवतीची. ही लांब आहे, मी मुद्द्यापुरती सांगते.

राजाला मुलगा नव्हता. राणीने सुईणीला पैशाची लालूच दाखवली की मला एखादं नुकतं जन्मलेलं मूल गुपचूप आणून दे. गावात एक गरीब ब्राह्मणीण बाळंत व्हायची होती. सुईणीने पहिलटकरणीला भीती वाटेल म्हणून तिचे डोळे बांधले. मुलगा झाला तो राणीकडे पोहोचवला आणि बाळाच्या जागी वरवंटा ठेवला. तुला वरवंटा झाला, असं तिला सांगितलं.

या बाईने काय करावं? तिने पाहिलं नव्हतं. साक्षीदार एकच, तीच चोर. राजवाड्याविरुद्ध तिचं कोण ऐकणार? तिचं मन मात्र सांगत होतं की हे खरं नाही. तिने जिवतीची पूजा सुरू केली. दर श्रावणी शुक्रवारी पूजा झाली की, माझं बाळ जिथे असेल तिथे सुखी असो, असं म्हणून ती तांदूळ उधळायची आणि ते राजवाड्यातल्या मुलाच्या डोक्यावर पडायचे. आणखी तिने काही नेम धरले. हिरवं लुगडं नेसायचं नाही. हिरव्या बांगड्या भरायच्या नाहीत. कारल्याच्या मांडवाखालून जायचं नाही. तांदळाचं धुवण ओलांडायचं नाही.

लहानपणी मला हे नेम अगदी निरर्थक वाटायचे. कारल्याने काय घोडं मारलंय? आत्याला विचारलं की ती म्हणायची, असतो एकेकीचा नेम. आता मला ते असे दिसतात. त्या बाईकडे आपण आई आहोत याचा कसलाही पुरावा नव्हता. मूल नाही, कागद नाही, साक्ष नाही. मग तिने तो पुरावा आपल्या रोजच्या वागण्यात ठेवला. बांगड्या भरायला कासार आला की नाही म्हणायचं, कोणाच्या परसात गेलं की मांडवाला वळसा घालायचा. प्रत्येक वेळी कोणीतरी विचारणार, का गं? आणि तिला सांगावं लागणार, किंवा निदान स्वतःला आठवावं लागणार. अशी वर्षं गेली. मुलगा मोठा होऊन राजा झाला.

मधला भाग अवघड आहे आणि पुष्कळ घरी तो गाळतात. तरुण राजाने तिला पाहिलं आणि त्याच्या मनात वाईट आलं. रात्री तो तिच्या घरी जायला निघाला, तर दारातल्या वासराच्या शेपटीवर त्याचा पाय पडला. वासराने गायीपाशी तक्रार केली. गाय म्हणाली, जो आपल्या आईपाशी जायला भीत नाही तो तुझ्या शेपटीवर पाय द्यायला काय भिणार? राजा तिथूनच परतला आणि काशीला गेला. पुढे पिंड देताना ते घ्यायला एकाऐवजी दोन हात आले. त्याने कारण विचारलं तेव्हा त्याला सांगण्यात आलं की घरी जाऊन साऱ्या गावाला जेवण घाल, कोणालाही वगळू नकोस.

राजाचं आमंत्रण ब्राह्मणीच्या दारात आलं, तेही शुक्रवारी. तिने नाही म्हटलं नाही आणि निमूट गेलीही नाही. तिने निरोप पाठवला की माझे अमुक अमुक नेम आहेत, ते पाळाल तर येईन. आणि राजाने ते पाळले. तिच्या वाटेत कारल्याचा मांडव येऊ दिला नाही. जिथे तांदळाचं धुवण पडलं होतं तिथे सारवून घेतलं. पंगत बसली, राजा स्वतः तूप वाढत निघाला. तिच्या पानापाशी आला आणि तिला पान्हा फुटला, दुधाची धार राजाच्या तोंडावर उडाली. राजा रुसून जाऊन निजला. राणीला विचारलं तेव्हा तिने कबूल केलं की ती तुझी खरी आई, मी मानलेली. मग त्याने आईबापांना आपल्या वाड्याशेजारी घर बांधून दिलं.

दोन्ही कहाण्यांत तूप वाढणारा पुरुष एका बाईच्या पानापाशी थांबतो, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पहिलीत तो तिला हाकलतो आणि दुसरीत तिच्यामुळे त्याला आपण कोण ते कळतं. एकाच संध्याकाळी या दोन्ही ऐकायच्या असतात. हे कोणी जुळवलं असेल? कोणी एकीने नसेलच. पण पिढ्यान्‌पिढ्या सांगताना बायकांनी जे ठेवलं आणि जे सोडलं, त्यातून हे उरलं आहे.

आणि तांदूळ उधळणं तर अजून आहे. जिवतीच्या शुक्रवारी पुरणाच्या दिव्यांनी मुलांना ओवाळतात. जी मुलं दूर आहेत, शिकायला किंवा नोकरीला, त्यांच्या नावाने चारी दिशांना अक्षता टाकतात. माझी एक मैत्रीण आता फोनवर मुलाचा चेहरा समोर आला की त्याला ओवाळते, पण तरीही खिडकीतून चार तांदूळ टाकतेच. मी विचारलं, फोन आहे ना मग? म्हणाली, फोनची रेंज जाते.

मी या कहाण्यांची वकिली करायला बसलेली नाही. त्यात न पटणारंही पुष्कळ आहे. बहिणीला मान मिळाला तो ती श्रीमंत झाल्यावर. कहाणी त्या भावाला टोचते, पण ती गरीबच राहिली असती तर काय, याचं उत्तर देत नाही. जिवतीच्या कहाणीत हरवलं ते मुलगाच, आणि राणीला हवा होता तोही मुलगाच. मुलीच्या जागी वरवंटा ठेवला असता तर कहाणी झाली असती का, हा प्रश्न माझ्या लेकीने सहावीत असताना विचारला होता आणि माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आता आम्ही ओवाळताना मुलगा-मुलगी बघत नाही, पण कहाणीत तो बदल कोणी केलेला मी ऐकला नाही.

बदल मात्र होतात. कहाणी संपवताना सांगणारी म्हणते ना, ही साठ उत्तरांची होती, मी पाच उत्तरांत पुरी केली. मला तर ही सांगणारीची कबुलीच वाटते. माझ्यापाशी जास्त आहे, वेळ बघून मी कमी सांगितलं. म्हणजे काय गाळायचं आणि काय ठेवायचं हे तिच्या हातात होतं. छापील पुस्तिका आली, ती स्वस्त आणि सोयीची, पण पुस्तिकेतून वाचणारी डोळे कागदावर ठेवते आणि सांगणारी ऐकणारणींच्या तोंडाकडे बघते. कुठली बाई आज माहेराहून रडून आली आहे हे सांगणारीला दिसतं. आमची आत्या, आई आत गेली की, सहस्रभोजनाचा तिसरा दिवस थोडक्यात आटपायची आणि आई परत येऊन बसली की दागिन्यांचा भाग मात्र चांगला रंगवून सांगायची. आईच्या आवडीचा म्हणून त्यात एक मोहनमाळही घालायची. पुस्तिकेत मोहनमाळ नाही, मी बघितलं आहे.

आता त्या आत्याबद्दलच सांगते. ती अठ्ठाविसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली होती. कहाण्या तिला मुखोद्गत, साऱ्या आळीतल्या बायका ऐकायला तिच्याकडे यायच्या. पण वसा सवाष्णीचा. पाय धुवायचे ते सवाष्णीचे, दूध द्यायचं ते सवाष्णीला. आत्या सांगून झाली की उठून मागे बसायची. शेवटी उरलं तर तिला दूध. जी सांगते तिच्याशिवाय व्रत पुरं होत नाही आणि तिलाच पाटावर जागा नाही, हे आम्ही वर्षानुवर्षं बघितलं आणि कोणाला काही वाटलं नाही. पहिल्या कहाणीतली पंगत दर शुक्रवारी आमच्याच घरात मांडलेली होती.

मागच्या वर्षी आई ऐंशीची झाली, आत्या चौऱ्याऐंशीची. श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी कहाणी झाली आणि आईने पाट ओढून आत्यासमोर ठेवला. म्हणाली, वन्सं, बसा. आत्याने हात मागे घेतले. म्हणाली, वहिनी, वशात सवाष्ण सांगितली आहे, आपल्या मनाने करू नये. आई म्हणाली, तुम्हीच एवढी वर्षं सांगताय, मी ऐकत्येय. वसा सांगितला त्या शेजारणीला नवरा होता का? आत्या जरा वेळ गप्प बसली. साठ उत्तरं मनातल्या मनात तपासत असावी. मग म्हणाली, तसं काही आलेलं नाही त्यात.

आईने तिचे पाय धुतले. कुंकू आत्याने लावून घेतलं नाही, हळद लावून घेतली. दूध निम्मं प्यायली, साखर जास्त झाली म्हणाली. फुटाणे पदरात बांधून घेतले, पणतवाला द्यायला. मग पाटावर बसल्या बसल्याच तिने विचारलं, जिवतीची राहिली ना? अक्षता घ्या गं हातात. आणि दुसरी कहाणी सुरू केली.